पॉवर प्रेसचे जोखीम मूल्यांकन

पत्रा दाबून कापणाऱ्या किंवा वाकवणाऱ्या या यंत्रामुळे इजा किती गंभीर होईल, माणूस धोक्याजवळ किती वेळा जातो आणि ऐनवेळी त्याला हात काढून घेता येईल का, हे ठरवून सुरक्षा योजना निवडण्याची पद्धत. आयएसओ १२१०० हे मानक एकूण प्रक्रिया सांगते. नियंत्रणावर चालणाऱ्या सुरक्षेची विश्वसनीयता किती हवी, हे आयएसओ १३८४९-१ मधील आलेखावरून काढतात. आलेखातले तिन्ही प्रश्न दोनच उत्तरांचे आहेत. त्यांतून ‘ए’ ते ‘ई’ अशी पातळी मिळते, ‘ई’ सर्वांत कडक.

हाताने पत्रा भरायच्या आणि स्ट्रोक मध्येच थांबवता येणाऱ्या, फ्रिक्शन क्लचच्या प्रेसचे उदाहरण घेऊ. डायमध्ये, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात, बोट सापडले तर तुटते, म्हणजे इजा कायमची. हात दर स्ट्रोकला आत जातो; पंधरा मिनिटांतून एकदापेक्षा जास्त वेळा जाणे होत असेल तर संपर्क ‘वारंवार’ धरतात. मिनिटाला ६० स्ट्रोकच्या वेगात रॅम, म्हणजे वर-खाली होणारा जड भाग, अर्ध्या सेकंदात खाली येतो, म्हणून सुटका जवळपास अशक्य. तिन्ही उत्तरे वाईट, पातळी ‘ई’.

चूक बहुधा तिसऱ्या प्रश्नात होते. ‘ऑपरेटर जुना आहे, सांभाळून घेईल’ म्हणून सुटका शक्य लिहितात आणि पातळी ‘डी’ वर येते. अनुभवाने रॅमचा वेग कमी होत नाही. बसवलेले गार्ड जमेस धरून गुण देणे हीही तशीच चूक. मोजणी गार्ड नाही असे समजून करायची.

पातळी मिळाली म्हणून लगेच लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा येताच प्रेस थांबवणारा किरणांचा पडदा, विकत घ्यायचे नसते. हात आत घालावाच लागणार नाही अशी कॉइल फीड किंवा बोट शिरणार नाही अशी बंद डाय शक्य आहे का, हे आधी पाहतात. नसेल तर कर्टन, पण डायपासून त्याचे अंतर हिशोबाने. प्रेस थांबायला २०० मिलिसेकंद आणि कर्टनला २० मिलिसेकंद लागत असतील, तर हाताचा वेग सेकंदाला २००० मिमी धरून अंतर ४४० मिमी येते. हे १४ मिमी रिझोल्यूशनच्या, म्हणजे तेवढ्या जाडीची वस्तूही ओळखणाऱ्या कर्टनसाठी. किरण विरळ असतील तर अंतर वाढते. ब्रेक लाइनिंग झिजून थांबायला २० मिलिसेकंद जास्त लागले, तरी ४८० मिमी हवेत. कर्टनचा दिवा मात्र हिरवाच राहतो; म्हणून थांबण्याची वेळ मीटरने ठरावीक काळाने मोजावी लागते.

जुन्या की-क्लच प्रेसवर हा उपाय चालतच नाही. क्लच एकदा गुंतला की स्ट्रोक पूर्ण होईपर्यंत रॅम थांबत नाही, त्यामुळे कर्टनने सिग्नल देऊनही उपयोग नाही. तिथे पक्के बसवलेले गार्ड किंवा स्ट्रोक संपेपर्यंत न उघडणारे इंटरलॉक गार्डच लागते.

डाय बदलताना हिशोब वेगळा असतो, कारण संपर्क कमी वेळा येतो आणि माणूस पूर्ण आत वाकलेला असतो. त्यामुळे या कामाची नोंद स्वतंत्र ओळीत करतात, आणि मुख्य स्विचला कुलूप लावून रॅमखाली सेफ्टी ब्लॉक ठेवणे हा उपाय त्याच ओळीत येतो.