पोटऱ्या-मांड्या आंबल्यात की नडगी दुखावलीय?

आमच्या धावण्याच्या गटातली एक मैत्रीण रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढली आणि त्याच वाटेने उतरली. मंगळवारी पहाटे तिचा फोन आला. जिना उतरताना कठडा धरावा लागत होता, आणि वेळापत्रकात ८०० मीटरच्या सहा वेगवान फेऱ्या होत्या. "पळू की नको?" मी विचारलं, "दुखतंय ते तळव्याने दाखवता येतं की बोटाने?" ती म्हणाली, "मांड्या तळव्याने. पण उजव्या नडगीवर एक जागा आहे, तिथे बोट ठेवता येतं."

तिची दोन दुखणी दोन वेगळ्या गोष्टी सांगत होती.

मांड्यांचं आधी पाहू. आपण म्हणतो 'अंग आंबलंय', आणि या शब्दामुळेच की काय, लॅक्टिक आम्ल साचून दुखतं ही समजूत पक्की बसली आहे. पण व्यायामात वाढलेलं लॅक्टेट तास-दोन तासांत पुन्हा मूळ पातळीवर येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. खरं कारण उतरणीत आहे. गड चढताना दम लागतो, पण उतरताना प्रत्येक पावलाला मांडीच्या पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतो. अशा ताणाखाली स्नायूतंतूंची सूक्ष्म रचना ठिकठिकाणी विस्कटते. मग तिथे दाह सुरू होतो आणि आसपासच्या संवेदना वाहणाऱ्या नसा हळव्या होतात. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून गडावरून आल्या संध्याकाळी बरं वाटतं आणि सोमवारी सकाळी खुर्चीतून उठवत नाही. हे दुखणं साधारण १२ ते २४ तासांनी सुरू होतं, पहिल्या ते तिसऱ्या दिवसात सर्वाधिक असतं आणि बहुधा आठवड्याच्या आत जातं.

तिच्या मांड्या दोन्ही बाजूंनी सारख्याच, पसरट दुखत होत्या. दाबल्यावर, ताणल्यावर कळ यायची, स्वस्थ बसल्यावर काही नाही. दहा मिनिटं चालल्यावर मोकळं वाटायचं. एवढंच असतं तर मी तिला अर्धा तास सपाट रस्त्यावर, गप्पा मारता येतील इतक्या सावकाश पळायला सांगितलं असतं. वेगवान फेऱ्या मात्र नाहीत, कारण आंबलेल्या स्नायूची ताकद खरोखरच कमी झालेली असते. दुखणं सोसून वेग गाठायला गेलं की पाऊल वेडंवाकडं पडतं आणि भार भलत्या सांध्यावर जातो.

आता नडगी. तिला मी नडगीच्या आतल्या कडेने गुडघ्याखालून घोट्यापर्यंत अंगठ्याने दाबत जायला सांगितलं. पाचेक सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्टा दुखला, तर हाडाच्या कडेला पळण्याचा ताण आल्याची शक्यता जास्त. धावणारे त्याला 'शिन स्प्लिंट्स' म्हणतात. तिला मात्र रुपयाच्या नाण्याएवढी एकच जागा सापडली, तीही एकाच पायावर आणि थेट हाडावर. मग खोदून विचारल्यावर कळलं की दोन आठवड्यांपूर्वी तिथे पळण्याच्या शेवटी दुखायचं, आता दुसऱ्याच किलोमीटरला सुरू होतं. सिंहगडाचा यात फारसा दोष नव्हता. आंबलेपण दिवसागणिक ओसरतं. हे दुखणं दर आठवड्याला अलीकडे सरकत होतं.

इथे एक सापळा आहे. 'अंग गरम झालं की थांबतं, म्हणजे साधंच आहे' असं पुष्कळजण मानतात. पण टाचेमागचा जाड स्नायुबंध दुखावला असेल तरी तो पळता पळता शांत होतो आणि दुसऱ्या सकाळी जास्त कुरकुरतो. शिन स्प्लिंट्सही सुरुवातीला असंच फसवतात. म्हणून शंका असेल त्या दिवशी मी तीन गोष्टी बघते. दुखणं दहापैकी तीनच्या वर जातं का, चाल बदलते का, आणि दुसऱ्या सकाळी ते होतं तिथे परत येतं की वाढलेलं असतं. पहिल्या दोनांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबायचं. तिसरं झालं तर पुढचं सत्र कमी करायचं. आणि हा निवाडा करण्याआधी वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, नाहीतर बघायचं काय?

हाडावरच्या नेमक्या जागेला मात्र ही सवलतही मी देत नाही. एका पायावर उडी मारून बघ, असंही तिला सांगितलं नाही. ती साधं चालतानाही तिथे दुखत होतं, तेवढा पुरावा पुरे होता. त्या दिवसापासून पळणं बंद. एक्स-रे स्वच्छ आला तेव्हा तिला हायसं वाटलं, पण ताणामुळे हाडाला गेलेली बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला आणि त्यात ती दिसली.

मांड्या गुरुवारपर्यंत मोकळ्या झाल्या होत्या. नडगी पुन्हा पळण्याजोगी व्हायला आठ आठवडे लागले.