टाच पायरीखाली सोडण्याचा व्यायाम कुठून आला

आठवडाभर खुर्चीत आणि रविवारी एकदम दहा-बारा किलोमीटर धावणाऱ्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली काही पावलं लंगडत टाकावी लागतात, थोडं चाललं की पाय मोकळा होतो. टाचेच्या दोन-तीन बोटं वर अकिलिस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा, चिमटीत धरली की नेमकी कळ येते.

पूर्वी याला सूज समजून विश्रांती आणि गोळ्या देत, आणि महिनोन्‌महिने बरं वाटलं नाही तर शस्त्रक्रिया करत. कंडरेवर हळूहळू भार वाढवण्याचा मार्ग कॅनडात स्टॅनिश आणि कर्विन यांनी 1980च्या दशकातच मांडला होता. पण खरी कलाटणी मिळाली ती स्वीडनमधल्या उमेओ शहरात.

तिथले अस्थिशल्यविशारद हाकन आल्फ्रेडसन स्वतः धावायचे आणि याच दुखण्याने बेजार होते. एवढ्यासाठी शस्त्रक्रिया करायला वरिष्ठ तयार होईनात. मग त्यांनी, कंडरा एकदाची तुटेल आणि शस्त्रक्रिया करावीच लागेल या हिशेबाने, दुखऱ्या पायावर मुद्दाम भार टाकायला सुरुवात केली. कंडरा तुटली नाही, उलट दुखणं गेलं.

1998मध्ये त्यांनी हाच व्यायाम हौशी खेळाडूंच्या 15 जणांच्या गटावर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, चांगल्या पायाने वर जायचं, सगळं वजन दुखऱ्या पायावर घ्यायचं आणि टाच सावकाश पायरीच्या खाली सोडायची. परत वर येताना पुन्हा चांगला पाय. 15 वेळांचे तीन संच गुडघा सरळ ठेवून आणि तीन गुडघा वाकवून, कारण वाकवल्यावर पोटरीतला खोलवरचा सोलियस स्नायू जास्त भार घेतो. हे दिवसातून दोनदा, रोज, 12 आठवडे. म्हणजे दिवसाला 180 वेळा. दुखलं तरी थांबायचं नाही, दुखेनासं झालं की पाठीवरच्या सॅकमध्ये वजन वाढवायचं. 15ही जण पूर्वीसारखे धावू लागले.

गट लहान होता, हे विसरू नये. शिवाय दुखणं अगदी टाचेच्या हाडाला चिकटून असेल, तर हा प्रकार फारसा लागू पडत नाही. टाच पायरीखाली गेली की कंडरा हाडावर दाबली जाते. अशांनी जमिनीवरच, टाच टेकेपर्यंतच, व्यायाम करावा.

पुढचा प्रश्न होता: तोवर धावणं बंद का? 2007मध्ये स्वीडनच्याच सिल्बरनागेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की दहापैकी पाचपर्यंतची वेदना चालवून घेत, व्यायामासोबत धावत राहिलं तरी सुधारणा अडत नाही. अट एकच: दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं नसावं. म्हणून रविवारी आठ किलोमीटर धावून सोमवारची पहिली पावलं नेहमीपेक्षा जड गेली, तर पुढच्या रविवारी पाचच धावायचे. नेहमीसारखीच गेली, तर आठ कायम ठेवायचे.