टीटीचं एक इंजेक्शन पुरतं का?

“गंजका खिळा लागला तरच धनुर्वात होतो. चोवीस तासांत टीटीचं एक इंजेक्शन घेतलं की झालं, नंतर घेऊन काही फायदा नाही.”

असं सर्रास म्हणतात, पण ते खरं नाही. धनुर्वाताचे जंतू गंजात नाही, माती-शेणात असतात. त्यामुळे गोठ्यात पायात घुसलेला बाभळीचा काटाही तितकाच धोक्याचा.

समजा, नऊ वर्षांच्या पोराला असा काटा लागला, एकही लस झालेली नाही आणि आज तिसरा दिवस आहे. आधी जखम साबण-पाण्याने भरपूर धुवायची, काट्याचा तुकडा आत राहू द्यायचा नाही. मग दवाखान्यात दोन वेगळी इंजेक्शनं लागतात. पहिलं म्हणजे लस: टीटीच्या जागी आता दिली जाणारी, धनुर्वात आणि घटसर्पाची ‘टीडी’, अर्धा मिली. (सात वर्षांखालच्याला डीपीटीसारखी लस.) पण ज्याला कधीच लस मिळाली नाही, त्याचं शरीर पहिल्या डोसाने पुरेसं संरक्षण तयार करत नाही. आजार मात्र बहुधा ३ ते २१ दिवसांत दिसतो. ही फट तयार प्रतिपिंडं भरतात: टेटनस इम्युनोग्लोबुलिन, २५० युनिट, दुसऱ्या जागी, वेगळ्या सिरिंजने. लहान मूल म्हणून डोस कमी होत नाही. चोवीस तास उलटले किंवा जखम फार घाण असली तर डॉक्टर ५०० देतात. म्हणजे उशीर हे न जाण्याचं कारण नव्हेच.

लसीचा दुसरा डोस चार आठवड्यांनी, तिसरा सहा महिने ते वर्षाने. हेच बहुतेक राहून जातं.

खात्री करायची तर लसीकरण कार्ड पाहा: बाळपणीच्या पेंटा लसीचे, ज्यात धनुर्वाताचीही लस असते, तिन्ही डोस नोंदले असतील तर इम्युनोग्लोबुलिन सहसा लागत नाही. कार्डच नसेल तर मूल लस न झालेलं धरतात. कुपीवरचं नावही वाचा. नुसतं ‘टीडी’ असेल तर दुसऱ्या इंजेक्शनचं विचारा.