ऑर्डर आणणं आणि डिस्पॅच कळवणं: एकाच ‘सिंक’मधली दोन वेगळी कामं

‘आमचं सिंक चालू आहे’ असं दुकानदार सांगतो, तेव्हा त्याच्या मनात एकच काम असतं. दर अर्ध्या तासाने कॉम्प्युटर मार्केटप्लेसशी बोलतो, नव्या ऑर्डरी बिलिंगमध्ये येतात आणि पाठवलेल्या मालाचे ट्रॅकिंग नंबर तिकडे जातात. शेड्यूलरमध्ये टास्क एक, प्रोग्रॅम एक, लॉग फाइल एक. त्यामुळे प्रोग्रॅम लिहिणाराही बरेचदा दोन्ही कामांना एकच आठवण देतो: ‘मागच्या वेळी किती वाजता चाललो होतो’. त्या वेळेनंतरचं जे असेल ते आणायचं आणि त्या वेळेनंतरचं जे असेल ते कळवायचं.

दिसायला हे सुटसुटीत आहे, पण दोन्ही कामांत गोंधळ इथूनच होतो, आणि प्रत्येक कामातला गोंधळ वेगळ्या जातीचा असतो.

फोंड्यातला एक काजूवाला घ्या. काजूगर, आमसुलं आणि कोकम सरबत अमेझॉनवर विकतो, बिलं टॅलीत करतो. चतुर्थीच्या आधीचे दिवस असल्याने ऑर्डरी एरवीपेक्षा जास्त आहेत. सकाळी ८:५२ ला पुण्याहून ऑर्डर पडते, पण गिऱ्हाइकाचं पेमेंट अजून पक्कं झालेलं नाही, म्हणून तिची स्थिती `Pending`. नऊ वाजता टास्क चालतो आणि ती ऑर्डर सोडून देतो. हे बरोबरच आहे, कारण `Pending` ऑर्डरीत अमेझॉन पत्ता देत नाही, आणि पत्त्याशिवाय बिल कसं करणार? माल म्हापशाला जाणार असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, पुण्याला जाणार असेल तर आयजीएसटी. ९:२० ला पेमेंट पक्कं होतं आणि ऑर्डर `Unshipped` होते. साडेनऊला टास्क पुन्हा चालतो आणि विचारतो, ‘नऊनंतर पडलेल्या ऑर्डरी दे.’ ही तर ८:५२ ला पडलेली. ती या फेरीत येत नाही, दहाच्या फेरीत येत नाही, कधीच येत नाही. कुठेही लाल अक्षरात काही दिसत नाही. लॉगमध्ये उलट ‘यशस्वी’ असंच लिहिलेलं असतं.

अमेझॉनच्या ऑर्डर एपीआयमध्ये विचारायच्या दोन तऱ्हा आहेत: `CreatedAfter` म्हणजे ऑर्डर पडल्याची वेळ, आणि `LastUpdatedAfter` म्हणजे तिच्यात शेवटचा बदल झाल्याची वेळ. एका विनंतीत दोन्हींपैकी एकच देता येते. नेमाने ऑर्डरी आणायच्या असतील तर दुसरीच हवी. वूकॉमर्सवर स्वतःची वेबसाइट असेल तर तिथेही हीच जोडी `after` आणि `modified_after` या नावांनी भेटते. पहिली तऱ्हा महिन्याचा हिशोब काढायला चांगली, रोजच्या आणण्याला नाही. शिवाय गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली तर ती बातमीसुद्धा बदलाच्या वेळेवरूनच कळते.

हीच वेळ पाठवताना आणखी एक खोड नडते. एपीआय वेळ यूटीसीत मागतो. आपले नऊ म्हणजे तिथले साडेतीन. कुणी आपल्या घड्याळाची वेळ तशीच लिहून पुढे `Z` लावला, तर `09:00:00Z` म्हणजे आपल्या दुपारचे अडीच होतात. साडेनऊला आपण अडीचनंतरच्या ऑर्डरी मागत बसतो. काही ठिकाणी त्यावर एरर येते, काही ठिकाणी नुसती रिकामी यादी मिळते. रिकामी यादी जास्त वाईट, कारण ‘आज धंदा मंदा आहे’ असं वाटून माणूस गप्प बसतो.

ऑर्डर आणण्यात एक सोय मात्र मोठी आहे: हे काम पुन्हा केलं तरी काही बिघडत नाही. ऑर्डर नंबर हीच ओळख धरली आणि तो नंबर बिलिंगमध्ये आधीच असेल तर नवीन बिल करायचं नाही असा नियम ठेवला, की नऊऐवजी सातपासूनच्या ऑर्डरी मागितल्या तरी चालतं. मी तर दोन तास मागे जाऊनच मागावं असं म्हणेन. ‘मागची वेळ’ पुढे सरकवायची तीही एपीआयने दिलेल्या यादीची सगळी पानं वाचून झाल्यावर आणि ऑर्डरी आपल्याकडे नीट लिहिल्या गेल्यावरच. टॅलीच्या बाबतीत हे विसरून चालत नाही. टॅली आपल्या पोर्टवर (बहुतेक ठिकाणी ९०००) ऐकत असते, पण ती उघडी असेल तरच. रात्री दुकान बंद करताना टॅलीही बंद केली, तर दोनच्या फेरीत आलेल्या ऑर्डरी ठेवायच्या कुठे? म्हणून त्या आधी मधल्या एका टेबलात उतरवाव्यात आणि टॅलीकडून उत्तर येईपर्यंत तिथेच राहू द्याव्यात. त्या उत्तरातलं `<CREATED>1</CREATED>` वाचायचं. नुसतं ‘कनेक्शन झालं’ म्हणजे व्हाउचर झालं असं नाही. लेजरचं नाव एका अक्षराने चुकलं तरी कनेक्शन होतं आणि व्हाउचर मात्र होत नाही.

आता दुसरं काम. पण त्याआधी एक पाहून घ्यावं: ते आपल्याला करायचं आहे का? अमेझॉनच्या इझी शिपमध्ये पार्सल त्यांचाच माणूस नेतो आणि पुढची स्थिती तेच लावतात. तिथे ट्रॅकिंग नंबर आपण कळवायचा नसतो, हवा असेल तर तिकडून आणायचा असतो. कळवायची जबाबदारी आपल्यावर येते ती सेल्फ शिपमध्ये, म्हणजे आपण स्वतः स्पीड पोस्टने किंवा कुरिअरने पाठवतो तेव्हा. एकाच दुकानाच्या काही ऑर्डरी अशा आणि काही तशा असू शकतात, म्हणून ऑर्डर आणतानाच ही खूण सोबत घ्यावी.

आपल्या काजूवाल्याची पुण्याची ऑर्डर सेल्फ शिपची आहे. दुपारी ४:५० ला तो फोंड्याच्या पोस्टातून स्पीड पोस्टची पावती घेऊन येतो आणि नंबर टाकतो. पाचच्या फेरीला पावसाने वीज जाते, राउटर बंद पडतो. लॅपटॉप बॅटरीवर चालूच असतो, त्यामुळे टास्कही चालतो, त्याला नेट मिळत नाही आणि तो ‘मागची वेळ पाच’ असं लिहून मोकळा होतो. साडेपाचला नेट असतं, पण आता तो पाचनंतर टाकलेले नंबर शोधतो. हा ४:५० चा. माल पुण्याच्या वाटेला लागलाय आणि अमेझॉनच्या लेखी ऑर्डर अजून पडून आहे. पाठवण्याची मुदत टळली की दुकानदाराच्या नावावर उशिराची नोंद होते.

मागची वेळ पुढे नेण्यात झालेली ही चूक सकाळच्या चुकीची भावंड वाटते, पण तिच्यावरचा उपाय निराळा आहे. ऑर्डर आणताना समोरच्याकडे काय बदललं ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून वेळेचा आधार घ्यावाच लागतो. डिस्पॅच कळवताना सगळी माहिती आपल्याकडेच असते. तिथे घड्याळ कशाला हवं? प्रत्येक पार्सलच्या ओळीवरच लिहून ठेवावं की त्याची पोच आली का, आणि दर फेरीला पोच न आलेल्या ओळी उचलाव्यात:

```
SELECT id, order_no, carrier, awb
FROM packet
WHERE handed_over_at IS NOT NULL
  AND awb <> ''
  AND acked_at IS NULL;
```

या शोधात ‘मागची फेरी’ कुठेच नाही. वीज दोन दिवस गेली तरी तिसऱ्या दिवशी ती ओळ यादीत असणारच. `handed_over_at` मुद्दाम ठेवला आहे. बरेच प्रोग्रॅम बिल झालं की ‘पाठवलं’ असं कळवून टाकतात, आणि पार्सल अजून दुकानातच असतं. मग सुट्टी आली, पोस्ट बंद राहिलं, की गिऱ्हाइकाला ‘पाठवलं’ दिसतं आणि ट्रॅकिंगवर काहीच हलत नाही.

इथे ओळ पार्सलची आहे, ऑर्डरची नाही, हेही ध्यानात घ्यावं. काजू एका खोक्यात आणि सरबताच्या बाटल्या दुसऱ्या खोक्यात गेल्या, तर ऑर्डर एक आणि नंबर दोन. ऑर्डर नंबरच ओळख धरली तर दुसरं खोकं ‘आधीच कळवलंय’ म्हणून गळतं. मग ऑर्डर अर्धवट पाठवलेलीच राहते.

पुन्हा पाठवण्याची बेफिकिरी मात्र इथे चालत नाही. विनंती गेली, अमेझॉनने ती घेतली आणि उत्तर येण्याआधी नेट तुटलं, तर आपल्या ओळीवर पोच नाही आणि तिकडे ऑर्डर `Shipped`. म्हणून अशी उत्तर न आलेली ओळ पुन्हा पाठवण्याआधी त्या ऑर्डरीची स्थिती विचारून घ्यावी आणि काम झालं असेल तर फक्त पोच लिहावी. फाइल चढवून कळवण्याच्या पद्धतीत तर आणखी सावध राहावं लागतं. फाइलचं काम `DONE` झालं म्हणजे फाइल वाचून झाली, एवढंच. त्यातली कोणती ओळ नाकारली ते नंतर येणाऱ्या अहवालात असतं आणि पोच त्यावरूनच लिहायची.

नाकारलेल्या ओळींमध्ये नंबरच बिघडलेले पुष्कळ सापडतात. कुरिअरचा बारा आकडी नंबर एक्सेलमध्ये उघडला आणि सीएसव्ही म्हणून सेव्ह केला, की तो `1.23457E+11` होऊन बसतो. नंबरचा रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवला तर हे टळतं. स्पीड पोस्टचा नंबर अक्षरांमुळे वाचतो: दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी `IN`. नवव्या आकड्यात पडताळणी असते, त्यामुळे हाताने टाकताना झालेली चूक कळवण्याआधीच पकडता येते.

चूक कुठे दिसते यातही दोन्ही कामं वेगळी पडतात. कळवायचं राहिलं तर ती ओळ आपल्याच टेबलात पडून असते. ‘चार तास झाले, पोच नाही’ अशी यादी काढली की सापडते. आणायचं राहिलं तर ती ऑर्डर आपल्याकडे मुळातच नसते, मग आपले कितीही रिपोर्ट काढा. त्यासाठी बाहेरच बघावं लागतं: दिवसातून एकदा सेलर पॅनेलवरच्या `Unshipped` ऑर्डरींचे नंबर आपल्या नंबरांशी ताडून पाहायचे. ही तपासणी त्याच प्रोग्रॅमने त्याच मागच्या वेळेवरून केली तर उपयोग नाही. तिने उघड्या ऑर्डरींची पूर्ण यादी मागायला हवी.

दोन टास्क वेगळे केले तरी चालण्याचा क्रम महत्त्वाचा: आधी आणायचं, मग कळवायचं. गिऱ्हाइकाने दुपारी रद्द केलेली ऑर्डर आणण्याच्या फेरीत कळते, आणि पार्सल अजून पोस्टात दिलं नसेल तर ते थांबवता येतं. अमेझॉन ऑर्डरींची यादी साधारण मिनिटाला एकदाच मागू देतो, त्यामुळे दर मिनिटाला टास्क लावण्यात अर्थ नाही. अर्ध्या तासाची फेरी पुरते. विंडोजच्या शेड्यूलरमध्ये आधीची फेरी संपली नसेल तर नवी सुरू करू नये, हा पर्याय `Do not start a new instance` या नावाने मिळतो. चुकलेली फेरी लॅपटॉप चालू झाल्याबरोबर घ्यायचा पर्याय वेगळा असतो, त्यावर खूण करावी लागते.