जोखमीचा मोबदला आणि ‘जिवाची किंमत’: पार्श्वभूमी

काम जितकं धोक्याचं किंवा किळसवाणं, तितके पैसे जास्त, हा विचार १७७६ पासून अर्थशास्त्राच्या पुस्तकांत आहे. तिथलं टोकाचं उदाहरण जल्लादाचं: काम थोडं, तिरस्कार फार, म्हणून मोबदला भरपूर. पुढची जवळजवळ दोनशे वर्षं हे कुणी फारसं मोजून पाहिलं नाही.

१९७०च्या दशकात अमेरिकेत मोजायला घेतलं, तेव्हा आकडे उलटेच दिसत. सरसकट पाहिलं तर जिवावरची कामं बहुधा कमी पगाराचीच. कारण कमाईची ऐपत वाढली की माणूस तिचा काही भाग सुरक्षिततेवर खर्चतो, म्हणजे बरं काम निवडतो. म्हणून सारखं शिक्षण, वय आणि कसब असलेल्यांचीच आपापसांत तुलना करावी लागते. मग जोखमीचा जादा मोबदला दिसू लागतो. तरीही घोळ राहतोच: जोखमीचा आकडा अनेकदा पूर्ण उद्योगाचा असतो, त्यामुळे खाणीत उतरणारा आणि खाणीच्या कचेरीतला कारकून एकाच रांगेत येतात.

खरा गोंधळ पुढच्या शब्दाने केला. समजा, एखाद्या कामात वर्षाला दहा हजारांत एक मृत्यू जास्त होतो आणि त्यासाठी प्रत्येकजण ५०० डॉलर जादा घेतो. दहा हजार जणांचे मिळून झाले ५० लाख. याला नाव पडलं ‘सांख्यिकीय जिवाचं मूल्य’. प्रत्यक्षात ही कुणा एकाच्या जिवाची किंमत नाही, बारीकशा जोखमीच्या दराची बेरीज आहे. इतकं दुर्दैवी नाव अर्थशास्त्रात क्वचितच सापडेल.

१९८२ मध्ये अमेरिकेत कारखान्यांतल्या घातक रसायनांवर इशाऱ्याची लेबलं सक्तीची करण्याचा नियम अडला. कामगार-सुरक्षा खात्याने एका मृत्यूचं नुकसान म्हणजे बुडालेली मजुरी आणि औषधोपचार, एवढंच धरलं होतं. खर्च तपासणाऱ्या कार्यालयाने मग खर्च फायद्यापेक्षा जास्त ठरवला. त्याजागी पगारातून काढलेला आकडा घातल्यावर फायद्याची बाजू कित्येक पटींनी वाढली आणि १९८३ मध्ये नियम आला. गंमत अशी, की आपण काय हाताळतोय हे कामगाराला ठाऊक नाही म्हणून लेबलं हवी होती. आणि त्यांना तारणारा आकडा मात्र कामगाराला जोखीम पुरती कळते, या गृहीतकावर उभा होता.

२००३ मध्ये अमेरिकेतल्याच हवा-प्रदूषणाच्या एका सरकारी हिशेबात हे मूल्य सत्तरीपुढच्यांसाठी ३७ लाखांऐवजी २३ लाख डॉलर धरल्याचं उघड झालं. वृद्धांच्या संघटना खवळल्या आणि ती कपात मागे घ्यावी लागली.