जुन्या एपीआयसाठी मुदतवाढीचं पत्र: पार्श्वभूमी

एक सॉफ्टवेअर दुसऱ्याशी ज्यातून बोलतं त्या एपीआयची जुनी आवृत्ती अमुक तारखेला बंद होणार अशी सूचना आली, की छोट्या कंपनीतून ‘आणखी थोडी मुदत द्या’ असं पत्र जातं. ते कधी कामाला येतं आणि कधी नाही, हे आधीच्या मुदतवाढींकडे पाहिलं तर बरंचसं कळतं.

ट्विटरला 2010 मध्ये नाव आणि पासवर्ड पाठवून लॉगिन करण्याची जुनी पद्धत बंद करून सगळ्यांना ओऑथवर, म्हणजे ॲपला पासवर्ड न देता परवानगी देण्याच्या पद्धतीवर, न्यायचं होतं. ठरलेली तारीख जूनअखेरची होती. नेमका त्याच वेळी फुटबॉलचा विश्वचषक आला, ट्विटरचे सर्व्हर ताणाखाली आले आणि तारीख ऑगस्टअखेरीस गेली. पुढे एपीआयची आवृत्ती 1 बंद करतानाही मार्च 2013 ची तारीख 11 जूनवर ढकलली गेली. मधल्या काळात कंपनीने जुनी सेवा काही वेळापुरती मुद्दाम बंद करून पाहिली. सूचनेचा मेल ज्यांनी वाचलाच नव्हता, त्यांना आपलं ॲप या आवृत्तीवर चालतं हे त्या वेळी कळलं. अशा चाचण्या आता सर्रास होतात, आणि माझ्या मते मुदत मागणाऱ्याने सर्वांत आधी त्यांच्याच तारखा विचारून घ्याव्यात.

पेमेंटच्या क्षेत्रात गोष्ट वेगळी होती. इंटरनेटवरची माहिती सुरक्षित पाठवण्याची जुनी पद्धत टीएलएस 1.0 बंद करण्याची तारीख कार्ड उद्योगाच्या पीसीआय मंडळाने ठरवली होती, 30 जून 2016. ती 30 जून 2018 पर्यंत वाढवली, तीही मंडळानेच. तारीख दुसऱ्याच संस्थेने बांधून दिलेली असेल, तर पुरवठादाराला कितीही कळकळीने लिहिलं तरी त्याच्या हातात फारसं काही नसतं. म्हणून तारीख कोणाची आहे हे आधी शोधावं.

सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण सेल्सफोर्सचं, म्हणजे कंपन्यांच्या विक्रीच्या आणि ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑनलाइन सेवेचं. तिथे एपीआयच्या वर्षाला तीन आवृत्त्या येतात आणि प्रत्येक आवृत्ती किमान तीन वर्षं चालवण्याचं वचन असतं. प्रत्यक्षात त्या कितीतरी जास्त चालल्या. 21.0 ते 30.0 या आवृत्त्या 2011 ते 2014 दरम्यानच्या. त्या आधी 2023 च्या उन्हाळी आवृत्तीत बंद व्हायच्या होत्या, मग ते 2025 च्या उन्हाळी आवृत्तीवर गेलं. पण ही वाढ सगळ्यांना एकदम मिळाली होती. सगळे ग्राहक एकाच सामाईक यंत्रणेवर चालतात, त्यामुळे एका कंपनीपुरती जुनी आवृत्ती जिवंत ठेवणं पुरवठादाराला सहसा परवडत नाही.

समजा, पुण्यातल्या एका छोट्या कंपनीने 2013 मध्ये ग्राहकाच्या सर्व्हरवर एक जावा प्रोग्रॅम बसवला. तो रोज रात्री सेल्सफोर्समधल्या ऑर्डरी उचलून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतो, आवृत्ती 26.0. सेल्सफोर्सशी बोलण्याच्या दोन पद्धती आहेत, रेस्ट आणि सोप. तो रेस्ट वापरत असता, तर `/services/data/v26.0/` या पत्त्यातला आकडा बदलून चाचणी घेतली की बरंचसं काम झालं असतं. पण प्रोग्रॅम सोपवर आहे. म्हणजे सेवेचं वर्णन असलेली नवी डब्ल्यूएसडीएल फाइल उतरवा, तिच्यातून क्लास पुन्हा तयार करा, बिल्ड करा, सँडबॉक्स या चाचणीच्या वेगळ्या प्रतीत तपासा. कोडपेक्षा वेळ खातं ते दुसरंच. सर्व्हर ग्राहकाचा, त्यामुळे बदलासाठी परवानगी त्याची लागते, आणि वर्षअखेरीला हिशेबाच्या यंत्रणेला तो हातही लावू देत नाही.

पत्रात नेमकं हेच यायला हवं. ‘आम्ही छोटी कंपनी आहोत, सहकार्य करावं’ एवढ्यावर कोणी निर्णय घेऊ शकत नाही. त्याऐवजी असं लिहावं: ‘आमच्या नोंदींनुसार 26.0 वर आता फक्त रात्रीचा ऑर्डर प्रोग्रॅम उरला आहे. नवी आवृत्ती सँडबॉक्समध्ये चालते. ग्राहकाचं हिशेबाचं वर्ष 31 मार्चला संपतं, म्हणून 30 एप्रिलपर्यंत मुदत हवी. ती शक्य नसेल, तर निदान मार्चअखेरच्या आठवड्यात चाचणीपुरती सेवा बंद ठेवू नये.’

नोंदी कुठून आणायच्या? सेल्सफोर्समध्ये इव्हेंट लॉगमधली `ApiTotalUsage` ही फाइल कुठली आवृत्ती कोण वापरतंय हे दाखवते. ती विनामूल्य मिळते, पण तशी ती एकच दिवस राहते. महिन्यातून एकदाच चालणारा प्रोग्रॅम एका दिवसाच्या नोंदीत दिसणार नाही, म्हणून ती रोज उतरवून जपावी लागते. शिवाय खातं ग्राहकाचं असतं, त्यामुळे पत्र त्याच्या नावाने गेलं तर बरं.

हे सगळं तारखेच्या आधी केलं तरच उपयोग. आवृत्ती एकदा बंद झाली की रेस्टच्या विनंतीला `410 GONE` येतं आणि सोपला `UNSUPPORTED_API_VERSION`. रात्रीच्या प्रोग्रॅमने ती त्रुटी नुसती लॉगमध्ये लिहून ठेवली, तर ऑर्डरी उतरणं थांबल्याचं हिशेबनीसाच्या लक्षात येईपर्यंत कोणालाच कळत नाही.