लिव्हर डॉपलरला येण्याआधी एवढं वाचा

डॉपलर म्हणजे शिरांतलं रक्त कसं आणि कुठल्या दिशेनं वाहतंय हे दाखवणारी सोनोग्राफी.

चिठ्ठीवर ‘पोर्टल व हिपॅटिक व्हेन डॉपलर’ असं असलं की काउंटरवर हमखास प्रश्न येतो: “मागच्या आठवड्यातच सोनोग्राफी झाली, आता परत कशाला?” त्याहून जास्त घोळ होतो तो सकाळी चहा-पोहे घेऊन येण्यानं. चोपडा, रावेर, साक्रीहून पहाटेची एसटी धरून आलेल्या माणसाला परत पाठवताना आम्हालाही वाईट वाटतं. पण पोट भरलेलं असताना ही तपासणी आम्ही करत नाही. त्याचं कारण पुढे सांगतो.

लिव्हरचे आजार म्हटलं की दारू आणि सिरोसिस एवढंच लोकांच्या डोळ्यांसमोर येतं. पण लिव्हर सुकलेलं नसतानाही शिरेत रक्ताची गुठळी होऊन पोट फुगणं, रक्ताची उलटी अशी लक्षणं दिसू शकतात. आतडी आणि प्लीहेकडून लिव्हरला रक्त आणते ती पोर्टल शीर. लिव्हरमधून हृदयाकडे रक्त नेतात त्या तीन हिपॅटिक शिरा. शेतात पाणी आणणारा पाट बुजला तर पाणी शेताच्या अलीकडे तुंबतं. शेतातून पाणी बाहेर काढणारी चारी बुजली तर शेतच चिबडतं. इथेही तसंच होतं.

पोर्टल शीर जुनी बंद असेल तर लिव्हरचं काम बहुधा ठीक चालतं, रक्ताचे रिपोर्टही जवळपास नॉर्मल येतात. पण प्लीहा वाढते, प्लेटलेट कमी होतात आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून अचानक रक्ताची उलटी होते, शौचाला डांबरासारखं काळं होतं. चांगल्या खेळत्या मुलाला असं झालं तर या आजाराचा विचार व्हायलाच हवा. अशा वेळी आमच्याकडे नव्हे, आधी मोठ्या दवाखान्यात धावा. गुठळी ताजी असेल तर पोटात सतत दुखतं, कधी तापही येतो. तेव्हा रक्त पातळ करणारं औषध लवकर सुरू होणं महत्त्वाचं, कारण गुठळी आतड्याच्या शिरांत पसरली तर आतडं सडू शकतं.

हिपॅटिक शिरा बंद झाल्या की चित्र वेगळं दिसतं. या आजाराला बड-किआरी म्हणतात. अमळनेरकडची तिशीतली एक बाई आमच्याकडे आली होती. तीन आठवड्यांत पोट फुगलेलं, उजव्या बरगडीखाली दुखणं, दारूचा कधी संबंध नाही, गर्भनिरोधक गोळ्या मात्र सुरू. साध्या सोनोग्राफीत ‘लिव्हर मोठं, पोटात पाणी’ एवढंच होतं. पोटातून काढलेल्या पाण्यात प्रोटीन दर १०० मिलीला ३ ग्रॅमच्या वर निघालं. सिरोसिसच्या पाण्यात ते सहसा २.५ पेक्षा कमी असतं, म्हणून तिच्या डॉक्टरांना शंका आली. पहिल्या दिवशी ती नाश्ता करून आली, गॅसमुळे काहीच खात्रीनं सांगता येईना. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी पाहिलं तेव्हा तिन्ही शिरांत प्रवाह दिसला नाही, आणि लिव्हरचा कॉडेट हा भाग मोठा झालेला होता. त्या भागाच्या स्वतःच्या छोट्या शिरा थेट हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत उघडतात, म्हणून तो वाचतो आणि वाढतो. ही खूण फार बोलकी असते. गोळ्या बंद झाल्या, रक्त पातळ करणारं औषध सुरू झालं आणि मुंबईला शिरेत स्टेंट बसला. रक्त अशा रीतीनं का गोठलं यासाठी जॅक-२ या जनुकाची वगैरे तपासण्याही झाल्या.

सगळ्यांना स्टेंट लागत नाही. काहींचं औषधावर भागतं, काहींना लिव्हरच्या आतून रक्ताला वाट देणारा टिप्स नावाचा मार्ग करावा लागतो, लिव्हर बदलण्याची वेळ थोड्यांवर येते. पोर्टल शिरेच्या जुन्या आजारात आधी दुर्बिणीतून फुगलेल्या शिरांना रबरी बँड लावतात, प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी देतात. काही मुलांत तुंबलेल्या रक्ताला दुसरी वाट काढून देणारं शंटचं ऑपरेशन होतं. कुणाला काय, हे तुमचे पोटविकारतज्ज्ञच ठरवतील.

आता उपाशीपोटाचं. जेवल्यावर आतड्यातला गॅस शिरा झाकतो आणि पोर्टल शिरेतला प्रवाहही वाढतो, त्यामुळे वाचन फसतं. सहा तास काही खाऊ नका. दूध, चहा, गुटखा, तंबाखूही नको. आदल्या रात्री भरीत-कळण्याची भाकरी टाळून हलकं जेवा. साधं पाणी चालेल, उन्हाळ्यात तर घ्याच. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेत असाल तर उपाशी राहण्याआधी डॉक्टरांना विचारा.

रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा तसली गोळी चालू असेल तर या तपासणीसाठी ती अजिबात बंद करू नका. सुई टोचायची नसते. उलट गोळी सोडल्यानं नवी गुठळी होऊ शकते.

साध्या सोनोग्राफीपेक्षा आमचा दर जास्त आहे, कारण प्रत्येक शिरेतला प्रवाह आणि त्याची दिशा स्वतंत्र पाहावी लागते आणि त्याला वेळ लागतो. घाईत ‘नॉर्मल’ लिहिणं आम्हाला पटत नाही. लिव्हर डॉपलरसाठी सकाळच्या वेळा राखून ठेवतो. बाहेरगावच्यांनी आदल्या दिवशी फोन केला तर पहिला नंबर देतो. येताना डॉक्टरांची चिठ्ठी, जुने सगळे रिपोर्ट, दुर्बिणीचा आणि पोटातल्या पाण्याचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणा.